उन्हाळ्यातील शेतावरचा डबा : भात न्यावा की भाकरी?



एप्रिल-मे महिन्यात अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात शेतावरची कामे पहाटेच सुरू होतात. कोठे आंब्याची उतरणी चालू असते, कोठे राब भाजून भाताच्या रोपवाटिकेची जागा तयार करणे चालू असते. घरातून सकाळी साडेसहाला निघालेला डबा दुपारी एक वाजता, काही वेळा तीन वाजता उघडतो. हवा ३२ ते ३५ अंश सेल्सिअस आणि दमट. अशा हवेत डब्यातील कोणता पदार्थ दुपारपर्यंत टिकतो व कोणता टिकत नाही, हे नेमके समजून घेणे आवश्यक आहे. आपल्या भागात या प्रश्नाचे मूळ भातात आहे, म्हणून भातापासूनच सुरुवात करू.

शिजवूनही न मरणारा जंतू

बॅसिलस सिरिअस नावाचा जिवाणू मातीत राहतो. तो भातखाचरात असतो, तेथून दाण्यावर येतो आणि सडलेल्या तांदळावरही थोड्या प्रमाणात शिल्लक राहतो. प्रतिकूल स्थितीत तो स्वतःभोवती जाड कवच तयार करतो. या अवस्थेस बीजाणू म्हणतात. आपण राब भाजतो तेव्हा वरचे तणाचे बी जळते, पण खोल असलेली लव्हाळ्याची गाठ वाचते व पहिल्या पावसाबरोबर फुटते. बीजाणूचे तसेच आहे. भात शिजताना इतर बहुतेक जंतू मरतात, हा मात्र टिकतो. भात कोमट झाला की ओलावा, पिष्ट आणि ऊब तिन्ही मिळून तो जागा होतो व वाढू लागतो.

वाढताना हा जिवाणू भातात एक विष सोडतो. हे विष उकळण्याने नष्ट होत नाही. म्हणून बिघडलेला भात पुन्हा गरम केला किंवा फोडणीस टाकला तरी तो निर्धोक होत नाही. असा भात खाल्ल्यावर साधारणतः एक ते सहा तासांत मळमळ व उलट्या सुरू होतात.

एका डब्याचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. पहाटे साडेपाचला भात शिजला. सव्वासहाला तो वाफेसकट स्टीलच्या डब्यात दाबून भरला व झाकण लावले. ६० अंशांच्या वर हा जिवाणू वाढत नाही आणि ५ अंशांच्या खाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. या दोहोंमधील पट्टा धोक्याचा. दाबून भरलेला भात हळूहळू निवतो. साडेसातच्या सुमारास तो जंतूस मानवेल इतका कोमट झाला आणि बीजाणू जागे होण्यास तासभर गेला असे धरू. म्हणजे खरी वाढ साडेआठला सुरू झाली.

अनुकूल उबेत हा जिवाणू सुमारे अर्ध्या तासात दुप्पट होतो. साडेआठ ते एक या साडेचार तासांत तो नऊ वेळा दुप्पट होईल. एकाचे ५१२ होतील. आरंभी भाताच्या एका ग्रॅममध्ये १०० जंतू असतील तर एक वाजता ते सुमारे ५१ हजार होतात. काम लांबले आणि डबा तीन वाजता उघडला, तर तेरा वेळा दुप्पट होऊन हीच संख्या आठ लाखांवर जाते. एका ग्रॅममध्ये लाखाच्या पुढे संख्या गेली की आजाराचा धोका मानतात. हा हिशोब ढोबळ आहे, प्रत्येक डब्यात आकडे बदलतील. परंतु एक वाजता खाल्लेला भात बाधला नाही म्हणून तीन वाजता तोच भात बाधणार नाही असे नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. रात्रीचा भात सकाळी डब्यात भरणे तर टाळावेच, कारण त्यात वाढ आदल्या रात्रीच सुरू झालेली असते.

वास आणि चव यांवरही सर्वस्वी विसंबू नये. भात आंबूस लागला, चिकट झाला किंवा त्याला तार सुटली तर तो फेकावाच. पण ही लक्षणे दिसण्यापूर्वीही विष तयार झालेले असू शकते.

मग डब्यात काय द्यावे?

तांदळाची भाकरी भातापेक्षा बरी. ती तव्यावर व निखाऱ्यावर भाजली जाते, वरचा पापुद्रा कोरडा होतो आणि भातातला मोकळा ओलावा तिच्यात राहत नाही. मात्र गरम भाकऱ्या एकावर एक रचून डब्यात कोंडू नयेत. वाफेचे पाणी सुटून त्या ओल्या होतात व फायदा निघून जातो. टोपलीत पसरून निवल्यावर कोरड्या फडक्यात बांधाव्यात.

भाकरीसोबत पाणी आटवलेली सुकी भाजी, तिळाची किंवा सुक्या खोबऱ्याची चटणी, लोणचे द्यावे. वालाचे बिरडे आपल्याकडे आवडीने नेतात. ते न्यायचे असल्यास रस आटवावा, आमसूल घालावे आणि ओले खोबरे घालू नये. ओल्या नारळात ओलावा व पोषण भरपूर असते, शिवाय ते शिजल्यानंतर हाताने वरून पेरले जाते. विळ्याने बोट कापलेले असेल तर त्या जखमेतील जंतू थेट अन्नात जातात. बिरड्यावर बुडबुडे दिसले किंवा आंबूस वास आला तर ते खाऊ नये.

ताज्या मासळीचे कालवण डब्यात देऊ नये. बांगडा, कुपा यांसारखी मासळी बर्फाविना राहिली तर तिच्यात हिस्टॅमिन तयार होते आणि तेही शिजवून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंग लाल होते व खाज सुटते. त्याऐवजी कडक सुकलेली सुकट कोरडी भाजून, मीठ-तिखट लावून द्यावी. अलिबागचा पांढरा कांदा सोबत अख्खा न्यावा आणि जेवतानाच फोडावा. सोलकढी बनवून नेण्याऐवजी कोकमाचे आगळ बाटलीत न्यावे व जेवताना स्वच्छ पाण्यात मिसळावे.

भातच हवा असेल तर

शिजल्याबरोबर भात परातीत पातळ पसरून पंख्याखाली निववावा. निवल्यावर त्यात चांगले आंबट दही सर्व दाण्यांना लागेल इतके कालवावे. जमिनीप्रमाणे अन्नालाही सामू असतो. तो ४.५ च्या खाली असला की या जिवाणूची वाढ खुंटते. पुष्कळ घरी दहीभात आंबट होऊ नये म्हणून त्यात दूध घालतात. डब्यासाठी तसे करू नये, कारण आंबटपणा हेच येथे संरक्षण आहे. दहीभातही दुपारी एकपर्यंत संपवावा.

डबा मोटारसायकलच्या पेटीत किंवा बांधावर उन्हात ठेवू नये. ओले फडके गुंडाळण्याची पद्धत देशावरच्या कोरड्या हवेत उपयोगी पडते. किनाऱ्यावरील दमट हवेत पाणी लवकर उडत नाही, त्यामुळे डबा फारसा थंड होत नाही. घरी फ्रीज असल्यास पाण्याची बाटली रात्री गोठवून ठेवावी, सकाळी निवलेल्या डब्याला लावून दोन्ही गोणपाटात गुंडाळावे. बर्फ वितळेपर्यंत डबा गार राहतो आणि नंतर ते पाणी पिण्यासही होते.

एवढे करूनही कोणास उलट्या-जुलाब झाल्यास जलसंजीवनी घोटघोट पाजावी. उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल किंवा रुग्ण लहान मूल, गरोदर स्त्री वा वृद्ध असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ताबडतोब न्यावे. डब्यातील उरलेले अन्न गड्यांना किंवा मुलांना वाटू नये, टाकून द्यावे.