गुरुवारी डबा आणू नका

माझा एक मित्र स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पार्ल्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठकीत त्याची एका सीए बाईंशी ओळख झाली. अडीच तासांच्या त्या बैठकीत सभासदांनी पार्किंगवरून एकमेकांची उणीदुणी काढली. तो कॉलम आणि बीम समजावत असताना निम्मे लोक पेंगत होते. मग सीए बाई उठल्या आणि म्हणाल्या, “आता मी कॉर्पस हा शब्द उच्चारते, म्हणजे सगळे जागे होतील.” खरोखरच सगळे जागे झाले. त्याला ते वाक्य भलतंच आवडलं. बाईही आवडल्या असाव्यात, कारण तीन आठवड्यांनी तो माझ्याकडे आला आणि मोबाईल पुढे करून म्हणाला, “हे पाठवू का?”

मेसेज असा होता: “हाय! बरेच दिवस भेट नाही. कधीतरी लंचला भेटूया का? तुम्हाला वेळ असेल तेव्हा. खूप बोलायचंय.”

मेसेज सभ्य आहे, पण त्याला काय उत्तर येणार ते मी आधीच सांगू शकले असते: “हो, नक्की!” आणि पुढे एक हसरा चेहरा. मराठीत या ‘नक्की’खाली किती भेटी गाडल्या गेल्यात याची मोजदाद नाही. ‘बघूया’ आणि ‘कळवते’ ही त्याचीच भावंडं. यात दोष उत्तर देणाऱ्याचा नसतो. ‘कधीतरी’ म्हटलं की दिवस शोधायचं काम समोरच्यावर पडतं. ‘वेळ असेल तेव्हा’ म्हटलं की आणखी पंचाईत, कारण कामात बुडालेल्या माणसाला वेळ कधीच नसतो, तो काढावा लागतो. आणि ‘खूप बोलायचंय’ वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल. म्हणजे एका ओळीचं उत्तर द्यायला तिने आधी डायरी उघडायची, जागा ठरवायची आणि या भेटीला म्हणायचं तरी काय, याचाही निकाल लावायचा. दुपारी बारा वाजता एवढं कोण करतं? मेसेज रात्रीवर जातो आणि रात्री विसरला जातो.

हे सांगितल्यावर दोन दिवसांनी तो दुसरा मसुदा घेऊन आला. आता त्यात बीकेसीतलं एक झगमगीत रेस्टॉरंट होतं आणि शनिवारची दुपार होती. कामाच्या दिवसातल्या झटपट जेवणाची सगळी मजा त्यात बुडाली होती. झगमगीत जागा म्हटली की कपड्यांचा विचार आला, जाण्यायेण्याचा तास आला आणि बिल कोण देणार हा अवघड क्षण आला. ज्या माणसाला आपण एकदाच, तेही खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेतून पाहिलंय, त्याच्यासाठी शनिवार मोडायचा हा मोठा निर्णय आहे. ऑफिसच्या दिवशी पस्तीस मिनिटं द्यायची हा निर्णयच नव्हे, जेवायचं तर असतंच.

तिसऱ्या मसुद्यावर आम्ही नीट बसलो. प्रश्न पहिला, दिवस कुठला? सीए माणसाचा महिना तारखांवर चालतो. ७ला टीडीएस भरायचा, ११ला जीएसटीआर-१ आणि २०ला जीएसटीआर-३बी. विसाच्या संध्याकाळी पोर्टल रडत असतं, अशील फोन करत असतं, आणि तेव्हा आलेलं कुठलंही आमंत्रण कटकटच वाटतं. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा तर टॅक्स ऑडिटचा, त्यात नातेवाईकही फोन करत नाहीत. म्हणून मेसेज २१ला सकाळी अकराला आणि जेवण २२ला, गुरुवारी. त्याची स्वतःची अडचणही पाहिली. स्लॅब भरायचा दिवस असेल तर इंजिनिअरला साइटवरून हलता येत नाही, कारण काँक्रीट ओतायला सुरुवात केली की मध्ये थांबता येत नाही. गुरुवारी स्लॅब नव्हता.

एका दिवसाची आगाऊ सूचना का, तर डब्यामुळे. आपल्याकडे मेजावर डबा असतो, आणि घरचा डबा ठेवून बाहेर जेवायला जाणं हा निदान माझ्या पिढीत तरी गुन्हा आहे. त्याच दिवशी साडेबाराला ‘आज लंच?’ असं विचारलं तर समोरच्याची इच्छा असूनही उत्तर ‘डबा आहे’ असंच येतं. डब्याचा निर्णय आदल्या रात्री होतो. तेव्हा मेसेज त्याच्या आत पोचायला हवा, आणि आठवडाभर आधीही नको. आठवडाभर आधी ठरवलेल्या भेटीला उगाच समारंभाचं वजन येतं.

जागा तिच्या ऑफिसच्या इमारतीखालचा उडपी. बोलावतो त्याने प्रवास करायचा, आणि अंधेरी पूर्वेचा तो उडपी त्याच्या साइटपासून रिक्षाने दहा मिनिटांवर होता. वेळ १२:४०. एक वाजता तिथे उभं राहायलाही जागा नसते आणि पहिल्या भेटीची पंधरा मिनिटं कुणाच्या तरी डोक्यावर उभं राहून टेबल रिकामं होण्याची वाट पाहण्यात जातात. मिनी थाळी पाच-सात मिनिटांत येते, जेवायला वीस मिनिटं, उरलेल्यात अर्धी कॉफी. म्हणून शेवट १:१५ला, आणि तोही मेसेजमध्येच लिहायचा. कधी सुटायचं हे आधी माहीत असलं की यायला हरकत वाटत नाही. रंगलीच मैफल तर घड्याळाकडे दोघांनीही बघू नये, ती वेगळी गोष्ट.

आता खट्याळपणा. इथे तो अडला. त्याला लिहायचं होतं, “त्या दिवशी हिरव्या कुर्त्यात छान दिसत होता.” मी खोडलं. एकदाच भेटलेल्या बाईला असल्या वाक्यावर करता येण्यासारखं काहीच नसतं. फार तर थँक्यू म्हणायचं, आणि मग पुढचा अर्धा दिवस हा माणूस आणखी काय काय बघत होता याचा विचार करायचा. तिने जे केलं किंवा बोललं त्यावर लाडीगोडी केली तर तिला परत टोलवता येते. माझी कसोटी साधी आहे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तो मेसेज वाचून दाखवताना तिला हसू आलं तर चालेल, लाज वाटता कामा नये.

मात्र खट्याळपणा इतका पातळही नको, की भेट कामाची वाटावी. “थोडं कामाचं बोलायचं होतं,” अशा सबबीने बोलावणारे पुष्कळ भेटतात. ती बिचारी फाइल घेऊन येते आणि समोर हा कोथिंबीर वडीसारखा खुसखुशीत होऊन बसलेला. पुढचा सगळा वेळ फसवणूक झाल्याच्या भावनेत जातो. उद्देश एका शब्दात तरी दिसू द्यावा.

‘तुम्ही’ ठेवायचं की ‘तू’, यावरही वाद झाला. मी ‘तुम्ही’च्या बाजूची. इंग्रजीत ही सोयच नाही, सगळे एकाच ‘यू’त. मराठीत ‘तुम्ही’ म्हणत केलेली थट्टा जास्त लाघवी लागते, आणि ‘तू’वर यायचं ते समोरासमोर, परवानगीने. तोही एक क्षण असतो, तो मोबाईलवर का खर्चायचा?

अखेर गेला तो मेसेज असा:

“२० तारखेतून सुटलात का? ‘कॉर्पस’वालं तुमचं वाक्य मी आतापर्यंत चार जणांना ऐकवलंय, त्याची रॉयल्टी म्हणून एक मिनी थाळी देणं लागतो. उद्या १२:४०, तुमच्या ऑफिसखालचा उडपी? १:१५ला तुम्ही मोकळ्या. कामाचं एक अक्षर बोलणार नाही, काँक्रीटचंसुद्धा. जमणार असेल तर उद्या डबा आणू नका. नसेल जमत तर नुसतं ‘डबा’ लिहा, मी समजेन.”

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नकार द्यायला कारण शोधावं लागलं की माणूस उत्तरच टाळतो, आणि मग दोन निळ्या खुणांकडे बघत बसणं दुसऱ्याच्या नशिबी येतं. इथे नकाराचा शब्दही तयार करून दिलाय, तो हलका आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही. नुसतं ‘डबा’ एवढंच आलं असतं तर तिथे विषय संपला असता. फार तर महिन्याभराने एकदा, वेगळ्या निमित्ताने विचारावं, तिसऱ्यांदा नाही.

पण काही ठिकाणी नकार कितीही सोपा करून दिला तरी तो सोपा होत नाही. तुम्ही तिचे वरिष्ठ असाल, तिची बढती किंवा तिचं बिल तुमच्या सहीने निघत असेल, तर तिच्या ‘हो’चा अर्थ तुम्हाला कधीच कळणार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा नोकोशा लैंगिक वागणुकीबद्दल बोलतो, आणि ती नकोशी आहे हे तोंडावर सांगायची हाताखालच्या माणसाला बहुतेकदा सोय नसते. माझ्या मित्राला मी हे आधीच विचारलं होतं. सोसायटीने दोघांना वेगवेगळं नेमलं होतं, एकाचं काही दुसऱ्याच्या हातात नव्हतं. असतं तर मी एकही मसुदा वाचला नसता.

मेसेज अकराला गेला. अकरा पाचला निळ्या खुणा झाल्या. बारा वाजले, एक वाजला. त्याने मला चार फोन केले, मी एक घेतला आणि दुसरा मेसेज पाठवायचा नाही एवढंच सांगितलं. ‘बिझी आहात का?’ किंवा नुसतं प्रश्नचिन्ह, या दोन गोष्टींनी चांगले चांगले मेसेज मारलेत. दुपारी तीनला उत्तर आलं:

“रॉयल्टी वर्षाला ५०,०००च्या आत असेल तर टीडीएस कापत नाहीत. त्यामुळे थाळी पूर्ण हवी, पापडासकट. पण उद्या डबा.”

तो खचला. मी म्हटलं, पुन्हा वाच. नुसता नकार एका शब्दाचा असतो. तुझी थट्टा पुढे नेऊन, पापडाची मागणी करून कुणी नाही म्हणत नाही. आता पाच तारखा पुढे टाकू नकोस, एकच टाक. त्याने लिहिलं, “मग मंगळवारी. तीच वेळ, दोन पापड.”

“मंगळवारी अंगारकी आहे,” असं उत्तर दोन मिनिटांत आलं, आणि लगेच पाठोपाठ, “बुधवारी.”

हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. २०, ११ आणि ७ तारखा पाठ केल्या, पण कालनिर्णय कुणी उघडलंच नाही.

बुधवारी सकाळी दहाला तिचा मेसेज आला: “डबा आणलेला नाही. उशीर केलात तर उपाशी राहीन.” तो सव्वाबारालाच उडप्याच्या दारात उभा होता.