चुंबक क्षीण, वेग दुप्पट

पेपर मिलमध्ये तयार झालेला कागद शेवटी एका नळीवर गुंडाळला जातो. कागद यंत्रातून ठरावीक वेगाने येत राहतो, पण रीळ वेढ्यागणिक जाड होत जाते. म्हणून रीळ बारीक असताना भरभर फिरावे लागते आणि जाड झाल्यावर सावकाश. शिवाय कागदावरचा ताण पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत सारखा लागतो. तो वाढला तर कागद फाटतो, कमी पडला तर रीळ सैल होते. जाड रिळावर तेवढाच ताण ठेवायचा तर फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, जास्त लागतो. थोडक्यात, वेग उतरत जावा आणि त्याच प्रमाणात टॉर्क चढत जावा, अशी या कामाची मागणी असते. ती जवळजवळ जशीच्या तशी पुरवणारे यंत्र म्हणजे सेपरेटली एक्सायटेड डीसी मोटर.

या मोटरमध्ये दोन वेगळी वेटोळी असतात. बाहेरच्या स्थिर भागावरच्या वेटोळ्याला फील्ड म्हणतात. त्यातला प्रवाह चुंबकीय क्षेत्र तयार करतो. आतल्या फिरत्या भागाला आर्मेचर म्हणतात. त्याला ब्रश आणि कॉम्युटेटरमधून वीज मिळते आणि काम करणारा मोठा प्रवाह त्यातूनच जातो. साध्या शंट मोटरमध्ये ही दोन्ही वेटोळी एकाच पुरवठ्यावर असतात. इथे दोघांना स्वतंत्र पुरवठा असतो, म्हणून एकाला हात न लावता दुसऱ्याचा दाब बदलता येतो. वेग बदलण्याच्या दोन वाटा इथूनच निघतात.

दोन्ही वाटा समजायला एकच गोष्ट पक्की धरावी लागते. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये पुरवठ्याला विरोध करणारा विद्युतदाब आपोआप निर्माण होतो. त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. वेग जितका जास्त आणि क्षेत्र जितके तीव्र, तितका तो जास्त. पुरवठ्याच्या दाबातून हा विरोधी दाब वजा केल्यावर जे उरते, तेवढेच आर्मेचरच्या रोधातून प्रवाह ढकलते. आणि टॉर्क ठरतो तो क्षेत्र आणि हा प्रवाह यांच्या गुणाकाराने.

आता आकडे घेऊ. समजा, मोटर २२० व्होल्टची आहे, पूर्ण भाराला आर्मेचरमधून ५० अँपिअर जातात आणि आर्मेचरचा रोध ०.४ ओहम आहे. रोधात २० व्होल्ट खर्च होतात, म्हणजे बॅक ईएमएफ २०० व्होल्ट. त्या वेळी वेग मिनिटाला १५०० फेरे आहे असे धरू. २०० व्होल्ट गुणिले ५० अँपिअर, म्हणजे १० किलोवॅट शक्ती फिरण्याच्या रूपात बाहेर येते. तिच्यामागचा टॉर्क साधारण ६४ न्यूटन-मीटर भरतो. घर्षण वगैरे किरकोळ नुकसान बाजूला ठेवू.

पहिली वाट आर्मेचरच्या दाबाची. फील्ड पूर्ण ठेवायचे आणि आर्मेचरचा दाब कमी करायचा. तोच टॉर्क ठेवून वेग निम्मा, म्हणजे ७५० फेरे हवा असेल, तर बॅक ईएमएफ १०० व्होल्ट पुरे. टॉर्क तोच म्हणून प्रवाह ५० अँपिअरच राहतो आणि रोधातले २० व्होल्टही तसेच राहतात. एकूण दाब लागतो १२० व्होल्ट. निम्म्या वेगाला निम्मा दाब, म्हणजे ११० व्होल्ट दिले, तर पूर्ण भारावर बॅक ईएमएफला ९० व्होल्टच उरतात आणि वेग ६७५ फेऱ्यांवर येतो. वेग खाली जाईल तसा या २० व्होल्टचा वाटा मोठा होत जातो. १५० फेऱ्यांना बॅक ईएमएफ २० व्होल्ट आणि पुरवठा ४० व्होल्ट, म्हणजे निम्मा दाब रोधातच खर्च होतो.

या पद्धतीचा गुण असा की शून्यापासून १५०० फेऱ्यांपर्यंत कुठेही पूर्ण टॉर्क मिळू शकतो. शक्ती मात्र वेगाबरोबर उतरते. ७५० फेऱ्यांना ५ किलोवॅटच मिळतात. मोटर चालू करायलाही हीच वाट कामाची. थांबलेल्या मोटरमध्ये बॅक ईएमएफ नसतो, त्यामुळे सरळ २२० व्होल्ट दिले तर ०.४ ओहममधून ५५० अँपिअर, म्हणजे नेहमीच्या अकरा पट प्रवाह जाऊ पाहतो. दाब शून्यापासून हळूहळू चढवला तर हा झटका बसतच नाही.

अमेरिकी अभियंता हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांनी १८९१ साली ही कल्पना कारखान्यात वापरता येईल अशी मांडली. एक मोटर स्थिर वेगाने डीसी जनरेटर फिरवते, त्या जनरेटरचे फील्ड कमी-जास्त करून हवा तो दाब काढायचा आणि तो कामाच्या मोटरला द्यायचा. खाणींचे पाळणे आणि उंच इमारतींच्या लिफ्ट या पद्धतीवर अनेक दशके चालल्या. पुढे थायरिस्टर आले आणि मोटर-जनरेटरच्या जोडीचे काम एका कपाटाएवढ्या ड्राइव्हमध्ये मावले.

या वाटेची खालची मर्यादा उष्णतेची आहे. १५० फेऱ्यांनाही प्रवाह ५० अँपिअरच असतो, म्हणजे आर्मेचरमध्ये १००० वॅट उष्णता तशीच तयार होते. पंखा मोटरच्याच शाफ्टवर असेल, तर तो मात्र आता दहापट सावकाश फिरतो आणि हवा पुरत नाही. म्हणून अशा मोटरवर वेगळा ब्लोअर बसवतात, जो मोटरच्या वेगाकडे न बघता आपली हवा देत राहतो. वरची मर्यादा पुरवठ्याची आहे. २२० व्होल्ट गाठले की १५०० फेऱ्यांच्या पुढे ही वाट संपते. या वेगाला बेस स्पीड म्हणतात.

त्यापुढे दुसरी वाट सुरू होते आणि ती पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. वेग वाढवायचा तर फील्डचा प्रवाह कमी करायचा. चुंबक क्षीण केल्यावर मोटरचा जोर कमी होऊन ती मंदावायला हवी, असे मनात येते. होते उलट. पूर्ण भारावर, १५०० फेऱ्यांना क्षेत्र दहा टक्क्यांनी उतरवले असे समजा. वेग तत्क्षणी बदलत नाही, पण बॅक ईएमएफ २०० वरून १८० व्होल्टवर येतो. रोधावर आता २० ऐवजी ४० व्होल्ट पडतात आणि प्रवाह ५० वरून १०० अँपिअरवर जाऊ लागतो. क्षेत्र दहा टक्के घटले, प्रवाह मात्र दुप्पट झाला, गुणाकार १.८ पट भरला. हा जादा टॉर्क मोटरला पुढे ढकलतो. वेग वाढू लागला की बॅक ईएमएफ पुन्हा चढतो, प्रवाह उतरतो आणि भाराला पुरेल तेवढाच टॉर्क उरला की नवा वेग स्थिरावतो. फील्डच्या वेटोळ्यात वेढे पुष्कळ असल्याने तिथला प्रवाह झटकन बदलत नाही, त्यामुळे ही उसळी प्रत्यक्षात बरीच सौम्य होते.

क्षेत्र निम्मे केले तर त्याच २०० व्होल्ट बॅक ईएमएफसाठी वेग दुप्पट, म्हणजे ३००० फेरे लागतो. ५० अँपिअरला टॉर्क मात्र निम्मा, ३२ न्यूटन-मीटर. शक्ती तीच, १० किलोवॅट. सायकलचा गिअर बदलल्यासारखा हा व्यवहार आहे: जितका वेग घ्यावा, तितका जोर सोडावा. भार हा जोर सोडायला तयार नसेल, तर मोटर संकटात येते. पूर्ण टॉर्क तसाच मागत निम्म्या क्षेत्रावर चालवली, तर तिला १०० अँपिअर ओढावे लागतात. वेगही ३००० न होता २७०० वर थांबतो आणि आर्मेचर तापून जळू लागते.

पेपर मिलच्या रिळाला हाच व्यवहार हवा असतो. मोटर आणि रीळ यांच्यात दहास एकचा गिअर बॉक्स आहे असे धरू. नळीचा व्यास ४०० मिलिमीटर असताना मोटर ३००० फेऱ्यांनी आणि रीळ ३०० फेऱ्यांनी फिरते. व्यास ८०० झाल्यावर मोटर १५०० वर आणि रीळ १५० वर येते. दोन्ही वेळा कागद मिनिटाला सुमारे ३७७ मीटर या एकाच वेगाने येतो. ताण दोन्ही टोकांना सुमारे १६०० न्यूटन राहतो आणि शक्ती १० किलोवॅटच. आर्मेचरचा दाब आणि प्रवाह जवळजवळ स्थिर असतात. रीळ जाड होईल तसे ड्राइव्ह फक्त फील्ड वाढवत नेतो. मोटर सुरू करताना आणि थांबवताना तेवढा आर्मेचरचा दाब कामाला येतो.

फील्ड किती उतरवावे, यालाही सीमा आहे. क्षेत्र क्षीण झाले की आर्मेचरचा स्वतःचा चुंबकीय प्रभाव तुलनेने प्रबळ होतो आणि मूळ क्षेत्राला वाकडे करतो. त्याची खूण ब्रशांपाशी दिसते: ठिणग्या वाढतात, कॉम्युटेटर काळा पडून खडबडीत होतो. पुष्कळ क्षीण केल्यावर भार वाढताच वेग उतरण्याऐवजी चढू लागला, किंवा वर-खाली झुलू लागला, तर कारण बहुधा हेच असते. दुसरी सीमा यांत्रिक आहे. वेग दुप्पट झाला की आर्मेचरमधल्या तारांना बाहेर फेकणारे बल चौपट होते.

आणखी एक बारकावा तापमानाचा आहे. फील्डची तांब्याची तार ५० अंशांनी तापली की तिचा रोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. दाब ठरावीक ठेवला तर प्रवाह उतरतो, क्षेत्र क्षीण होते आणि सकाळी लावलेला वेग दुपारपर्यंत आपोआप चढतो. म्हणून चांगला ड्राइव्ह फील्डचा दाब नव्हे, तर प्रवाह धरून ठेवतो.

सर्वांत मोठा धोका फील्ड पूर्ण तुटण्याचा. तार सुटली किंवा फ्यूज गेला, तरी लोखंडात थोडे चुंबकत्व उरतेच. भार नसलेली मोटर तेवढ्या क्षीण क्षेत्रात बॅक ईएमएफ पुरा करायला वेग वाढवतच जाते आणि आर्मेचरच्या तारा उखडेपर्यंत पोहोचू शकते. भार असेल तर टॉर्क पुरत नाही, मोटर मंदावते आणि प्रचंड प्रवाह ओढते. म्हणून सुरू करताना आधी फील्ड, मग आर्मेचर. बंद करताना आधी आर्मेचर, मग फील्ड. फील्डचा प्रवाह ठरलेल्या पातळीखाली जाताच आर्मेचरचा पुरवठा तोडणारा रिले हवाच आणि तो कधीही बायपास करू नये.

जुनी मोटर नव्या ड्राइव्हला जोडताना पहिली नजर तिच्या नेमप्लेटवर टाकावी. तिथे वेगाचे १५००/३००० असे दोन आकडे असतील, तर पहिल्यापर्यंत आर्मेचरचा दाब आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत फील्ड, अशी वाटणी निर्मात्यानेच करून दिलेली असते. आकडा एकच असेल, तर ती मोटर फील्ड क्षीण करून पळवण्यासाठी तपासलेली नाही असे समजावे आणि ड्राइव्हमधली ती सोय बंद ठेवावी.