पांढऱ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं

बर्फाचं किंवा भर उन्हातलं दृश्य आलं की पांढरी सबटायटल्स पार्श्वभूमीत विरघळतात. अशा वेळी आपण अक्षरं मोठी करतो, पण खरी अडचण असते ती अक्षर आणि चित्र यांतल्या फरकाची. व्हीएलसी प्लेयरमध्ये Tools, Preferences, मग Subtitles / OSD असं गेलं, की Add a background वर खूण करता येते. अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी येते. Save करा आणि फरक दिसला नाही, तर व्हिडिओ बंद करून पुन्हा उघडा. पट्टी आल्यावर आकार फार वाढवावा लागत नाही. पांढरा रंग डोळ्यांत खुपत असेल, तर फिका पिवळा घ्या. मराठी सबटायटल्सना जाड कडा मात्र देऊ नका. मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरं त्यात बुजतात, पट्टीच बरी.

एवढं करूनही काहीच बदललं नाही, तर फाइल तपासा. एसआरटी फाइलमध्ये मजकूर असतो, त्यामुळे तो हवा तसा रंगवता येतो. डीव्हीडीतली सबटायटल्स मात्र चित्ररूपात असतात. त्यांना अक्षरांचा हा रंग-आकार लागू होत नाही. त्याच चित्रपटाची वेगळी एसआरटी फाइल मिळवणं हाच तिथे सोपा मार्ग.