तारीख उलटली म्हणजे उशीर झाला?

"तारीख उलटून चार दिवस झाले, कळा नाहीत. आता सिझर करून टाका." घाटी रुग्णालयात जालना-बीडकडून सुनेला, लेकीला घेऊन आलेले नातेवाईक असं बोलतात, आणि शहरातल्या खासगी दवाखान्यांतही हेच ऐकू येतं. हट्ट सगळ्यांचा सारखाच. फाइलवरची तारीख नेमकी कुठून आली, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून ती तारीख काढतात. नेमकी त्याच दिवशी वीसांत जेमतेम एकच बाई बाळंत होते. शिवाय हा हिशेब २८ दिवसांनी येणाऱ्या पाळीचा आहे. समजा, एकीची पाळी १ जानेवारीला आली, म्हणजे तारीख ८ ऑक्टोबर. पण तिची पाळी ३५ दिवसांनी येते, त्यामुळे गर्भ आठवडाभर उशिरा राहिला. मार्चच्या सुरुवातीच्या सोनोग्राफीत बाळ सात दिवसांनी लहान दिसलं, तेव्हा खरी तारीख १५ ऑक्टोबर ठरते. १२ ऑक्टोबरला घरचे घाबरून धावतात, तेव्हा तिचे अजून तीन दिवस बाकी असतात!

शेवटच्या सोनोग्राफीतली तारीख खरी, हाही असाच एक घोळ. नवव्या महिन्यात बाळाच्या मापांवरून काढलेली तारीख दोन-तीन आठवड्यांनीही चुकू शकते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट जपून ठेवा, निर्णय त्याच्यावर होतो.

तारीख पक्की झाली, बीपी-शुगर ठीक आहे आणि बाळ नीट हालतंय, तर एक्केचाळीस आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबता येतं. तोवर बाळाचे ठोके आणि गर्भजल तपासत राहतात. पाणी कमी झालं किंवा ठोके बिघडले, तर थांबणं तिथंच संपतं. एक्केचाळीस आठवड्यांनंतर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. स्वीडनमधल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणल्या आणि दुसऱ्या गटाला ४२ आठवड्यांपर्यंत थांबवलं. थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली, कळा आणलेल्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

"कळा आणल्या की सिझर होतंच." नाही. अमेरिकेतल्या २०१८च्या मोठ्या चाचणीत, पहिल्या खेपेच्या बायकांना ३९व्या आठवड्यात कळा आणल्यावर सिझरचं प्रमाण १८.६ टक्के होतं, वाट पाहिलेल्यांत २२.२. पिशवीचं तोंड कच्चं असेल तर आधी जेल, गोळी किंवा फुग्याची नळी वापरून ते मऊ करतात, मग सलाइनमधून कळांचं औषध देतात. यात एखादा दिवस सहज जातो, तेवढ्यानं उपाय फसला असं होत नाही.

"एरंडेल प्यायल्यानं कळा सुरू होतात." जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं. देऊ नका.

आधी सिझर झालेल्या बाईला मात्र कळांची मिसोप्रोस्टॉल गोळी देत नाहीत, जुन्या टाक्यांवर पिशवी फाटण्याचा धोका असतो. म्हणून पहिल्या बाळंतपणाची हकीकत डॉक्टरांना आधीच सांगा.