रिकाम्या पोटी शाळा : लक्ष कोणाचे उडते, कोणाचे नाही?

रोहा तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर पालकांशी बोलताना नाश्त्याचा विषय निघाला की एक उत्तर आम्हाला हमखास मिळते, "बाबासाहेब उपाशी राहून अठरा-अठरा तास अभ्यास करायचे. आमच्या पोराला एक दिवस नाश्ता नसला तर काय बिघडते?" या उत्तरामागे श्रद्धा आहे, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. पण प्रश्न नीट तपासला पाहिजे. सकाळी न खाल्ल्याने एकाग्रता खरोखर कमी होते का? होत असेल तर सगळ्यांचीच होते का?

आधी आपल्याकडचे एका मुलाचे वेळापत्रक पाहू. हे कोणा एका घराचे नाही, अनेक घरांत दिसणारे आहे. मूल चौथीत आहे. रात्री आठला जेवण होते. आई-वडिलांपैकी एकाची धाटावच्या एमआयडीसीत पहिली पाळी, दुसऱ्याची मजुरीची घाई. सकाळी मुलाला कोरा चहा आणि फार तर दोन बटर मिळतात. साडेदहाला शाळा भरते आणि पोषण आहार दीड वाजता ताटात पडतो. म्हणजे रात्रीच्या जेवणापासून दुपारच्या जेवणापर्यंत साडेसतरा तास जातात, आणि मध्ये फक्त चहा-बटर. गणित आणि भाषेचे तास बहुतेक ठिकाणी याच काळात होतात.

या काळात शरीरात काय घडते? मेंदूचे मुख्य इंधन साखर. झोपेत ती यकृतातील साठ्यातून पुरवली जाते. मुलाचे यकृत लहान, म्हणून साठाही लहान. मेंदूची भूक मात्र शरीराच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे सकाळपर्यंत मुलाचा साठा मोठ्यांच्या आधी उतरणीला लागतो. अंगात पुरेशी चरबी आणि स्नायू असलेले मूल ही तूट बऱ्यापैकी भरून काढते. आधीच खंगलेल्या मुलाकडे ती गंगाजळी नसते.

हाच फरक जमैकात झालेल्या एका अभ्यासात दिसला. तो 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ-दहा वर्षांच्या 90 मुलांना रात्रभर एका जागी ठेवून सकाळी त्यांची परीक्षा घेतली. प्रत्येक मुलाला एका दिवशी नाश्ता दिला आणि दुसऱ्या दिवशी साखरेविना गोड केलेला नुसता चहा. एकाच मुलाची स्वतःशीच तुलना झाल्यामुळे घरची गरिबी, शिकवणी, पालकांचे शिक्षण हे घटक आड आले नाहीत. हे महत्त्वाचे आहे, कारण एरवी नाश्ता न करणारी मुले बहुधा गरीब घरातली असतात आणि गरिबीचा परिणाम नाश्त्याच्या खात्यावर मांडला जातो.

निकाल असा लागला की चांगल्या पोसलेल्या मुलांचे नाश्ता चुकल्याने काही बिघडले नाही. जी मुले वयाच्या मानाने खुजी होती किंवा लहानपणी तीव्र कुपोषणातून गेली होती, ती मात्र काही चाचण्यांत मागे पडली, आणि त्यातही हडकुळ्या मुलांना जास्त फटका बसला. म्हणजे सुखवस्तू घरातल्या मुलाचा एखादा नाश्ता चुकला तर घाबरायचे कारण नाही. आपल्या वाडीतल्या किडकिडीत मुलाला तोच नियम लावता येत नाही.

पुढे जमैकाच्याच ग्रामीण शाळांत वर्षभर रोज नाश्ता देऊन पाहिले. हजेरी सुधारली, उंची-वजनात थोडी भर पडली आणि लहान वर्गांतील मुलांचे गणित सुधारले. पण तिथल्याच आणखी एका अभ्यासात वेगळी गोष्टही समोर आली. नीट चालणाऱ्या शाळेत नाश्ता केलेली मुले अभ्यासात जास्त रमली. साधनांची वानवा असलेल्या शाळांत ती आपसात गप्पाच जास्त मारू लागली. पोट भरल्याने अंगात जोर येतो. तो अभ्यासाकडे वळवायला वर्गात शिक्षक आणि शिकवणे लागतेच.

आता मोठ्यांकडे वळू. निरोगी प्रौढ माणसावरच्या अभ्यासांत नाश्त्यामुळे स्मरणशक्तीला थोडा फायदा दिसतो, पण लक्ष टिकण्याबाबत निकाल संमिश्र आहेत. ज्याला वर्षानुवर्षे सकाळी न खाण्याची सवय आहे, त्याचे काम एवढ्याने अडत नाही. बाबासाहेब 1920 नंतर लंडनमध्ये शिकत होते तेव्हा ते तिशीच्या आसपास होते. तिथल्या त्यांच्या तुटपुंज्या न्याहारीबद्दल चरित्रकारांनी लिहिले आहे. ती त्यांची परिस्थिती होती, इतरांना दिलेला सल्ला नव्हता. प्रौढ शरीराने सोसले ते नऊ वर्षांच्या शरीराकडून मागणे बरोबर नाही.

मोठ्यांमध्येही अपवाद आहेत. मधुमेहाची काही औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने सकाळचे खाणे टाळले तर साखर एकदम उतरते. हात थरथरतात, घाम फुटतो, चिडचिड होते, बोलण्यात गोंधळ होतो. कारखान्यात यंत्रापाशी असे झाले तर अपघात ठरलेला. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग जेवायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा.

आपल्या मुलाचे लक्ष भुकेनेच उडते आहे हे ओळखायचे कसे? दोन आठवडे शिक्षकांना फक्त वेळ टिपायला सांगा. बारानंतर मूल मलूल होते आणि पोषण आहारानंतर पुन्हा तरतरीत दिसते, असे वारंवार घडले तर भुकेचा संशय पक्का. जेवणानंतरही ते दिवसभर सुस्तच राहिले तर नाश्त्याला दोष देऊन थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातील हिमोग्लोबिन आणि डोळे तपासून घ्या, रात्रीची झोप किती होते तेही पाहा.

घरी करायचे ते साधे आहे. रात्रीचा भात फोडणीला टाकून त्यात मूठभर मोड आलेले मूग, किंवा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, किंवा नाचणीची आंबील. कोरा चहा आणि बटर म्हणजे नाश्ता नव्हे. शिवाय जेवणासोबतचा चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, म्हणून तो खाण्यापासून तासभर दूर ठेवावा.

पण पहाटे घर सोडणाऱ्या आईवरच सगळा भार टाकणे न्यायाचे नाही. तामिळनाडूने सप्टेंबर 2022 पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची गरम न्याहारी सुरू केली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळेतील न्याहारीची शिफारस आहे आणि गरम अन्न शक्य नसेल तिथे गूळ घातलेले शेंगदाणे किंवा चणे, सोबत स्थानिक फळे असा पर्याय सुचवला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे प्रतिनिधी असतातच. येत्या बैठकीत दोन मागण्या लेखी मांडता येतील. शाळा भरताच मूठभर चणे-गूळ मिळावा, आणि तोपर्यंत पोषण आहाराची वेळ तासभर अलीकडे आणावी. दुसऱ्या मागणीला तर एक रुपयाही लागत नाही.