सहा घटक, सहा पोस्टर? लसीकरण मोहिमेत हेल्थ बिलीफ मॉडेल नेमकं कसं वापरायचं

हेल्थ कम्युनिकेशनच्या कोर्सला 'हेल्थ बिलीफ मॉडेल वापरून लसीकरणाची जागृती मोहीम आखा' असं प्रोजेक्ट मिळालं, की बहुतेक ग्रुप एकाच वाटेने जातात. मॉडेलमध्ये सहा घटक आहेत, म्हणून सहा पोस्टर. जोडीला एक रील, एक हॅशटॅग आणि पीपीटी. प्रोजेक्ट पूर्ण होतं. पण ते पोस्टर बघून एखादी आई बाळाला घेऊन आरोग्य केंद्रात जाईल का, याचं उत्तर त्यात सापडत नाही.

हे मॉडेल पोस्टरसाठी तयारच झालेलं नव्हतं. लोक कुठे अडतात हे शोधण्यासाठी ते तयार झालं. ते तसं वापरलं तर मोहीम कशी बदलते, हे गोवराच्या एका उदाहरणातून समजून घेऊया.

फुकट असूनही लोक का येत नाहीत?

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने क्षयरोग लवकर कळावा म्हणून छातीचा एक्स-रे काढणाऱ्या गाड्या वस्त्यांमध्ये पाठवल्या. तपासणी फुकट, तीही घराजवळ. तरी अपेक्षेइतके लोक आले नाहीत. गॉडफ्रे हॉकबाम या मानसशास्त्रज्ञाने तीन शहरांतल्या बाराशेहून अधिक लोकांशी बोलून कारण शोधलं.

'मलाही क्षयरोग होऊ शकतो' आणि 'लवकर कळलं तर फायदा आहे' या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या, त्यांच्यातल्या ८२ टक्के लोकांनी स्वतःहून एक्स-रे काढला होता. दोन्ही न पटलेल्यांमध्ये हे प्रमाण २१ टक्के होतं. हॉकबाम, अर्विन रोझेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कामातून हेल्थ बिलीफ मॉडेल उभं केलं.

मॉडेलचे सहा घटक म्हणजे पालकांच्या मनातले सहा प्रश्न समजा:

१. हा आजार माझ्या बाळाला होऊ शकतो का?
२. झाला तर किती गंभीर?
३. लसीने खरंच फायदा होतो का?
४. लस घेण्यात त्रास काय, अडचण काय?
५. आत्ताच जायला हवं, याची आठवण कोण करून देणार?
६. हे सगळं मला जमेल का?

सहावा प्रश्न मॉडेलमध्ये बऱ्याच उशिरा, १९८८ मध्ये आला.

उदाहरण: गोवराचा दुसरा डोस

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक झाला. मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण आढळले, काही बालकांचा मृत्यू झाला. गोवर-रुबेलाची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांच्या वयात, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या. म्हणजे प्रश्न पुन्हा एक्स-रेच्या गाडीसारखाच: फुकट असूनही मुलं का राहतात?

गोवर इतका पसरतो की साथ रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले लागतात. त्यामुळे मोहिमेसाठी 'लसीकरण' हा अख्खा विषय घेण्यापेक्षा एकच नेमकी कृती घ्या: एका वस्तीत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस वेळेवर होणं.

पहिली पायरी: कार्ड बघा

आरोग्य सेविकेला सोबत घेऊन, पालकांच्या परवानगीने, दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलांची लसीकरण कार्डं बघा. समजा ४० कार्डं पाहिली. ३४ मुलांना पहिला डोस मिळालाय, २४ जणांना दुसराही. सहा जणांना एकही नाही.

पहिला डोस घेऊन दुसऱ्याला न आलेली मुलं झाली १०. ३४ पैकी १०, म्हणजे साधारण २९ टक्के गळती. लसीकरणाच्या कामात १० टक्क्यांच्या वर गळती असेल तर काहीतरी बिघडलंय असं मानतात.

आता या दहा घरांचा विचार करा. त्यांना लस माहीत आहे. त्यांनी ती एकदा बाळाला दिलीही आहे. 'लस महत्त्वाची आहे' हे पोस्टर त्यांना नवीन काहीच सांगत नाही. एकही डोस न घेतलेल्या सहा घरांची गोष्ट वेगळी असू शकते, भीतीची किंवा स्थलांतराची. दोघांना एकच मेसेज दिला तर तो बहुधा दोघांनाही लागू पडत नाही. म्हणून प्रोजेक्टसाठी एकच गट निवडा. आपण दहा घरांचा घेऊ.

दुसरी पायरी: ऐका आणि वर्गीकरण करा

पालकांना 'तुम्हाला धोका वाटतो का?' असं विचारू नका. त्यावर 'हो' हेच उत्तर येतं. 'मागच्या वेळी डोसला गेलात तेव्हा काय काय झालं?' असं विचारा आणि त्यांची वाक्यं जशीच्या तशी लिहा. मग ती मॉडेलच्या घटकांखाली ठेवा. अशा घरांतून साधारण या प्रकारची वाक्यं येऊ शकतात:

'एक डोस झालाय ना, आता गोवर होत नाही.' हा पहिला प्रश्न, धोक्याच्या जाणिवेचा. इथे माहिती खरोखर कमी पडते आहे. नवव्या महिन्यात दिलेल्या डोसने सुमारे ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळतं. आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या शरीरात शिल्लक असतील तर लसीचा परिणाम कमी होतो. म्हणजे डोस घेऊनही शंभरातली सुमारे पंधरा मुलं उघडी राहतात, आणि ती कोणती हे बाहेरून कळत नाही. दुसरा डोस मुख्यतः त्यांच्यासाठी असतो.

'मागच्या वेळी ताप आला, दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी मारावी लागली.' हा अडथळा आहे, आणि तो खरा आहे. 'लस सुरक्षित आहे' हे त्याचं उत्तर होत नाही. दीड वर्षाच्या भेटीत गोवर-रुबेलासोबत डीपीटीचा बूस्टरही देतात. त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येणारा ताप बहुधा डीपीटीचा असतो. गोवराच्या लसीने ताप आला तर तो साधारण पाच ते बारा दिवसांनी येतो. हे आधीच सांगितलं आणि तापावर काय द्यायचं ते नर्सकडून विचारून घ्यायला सांगितलं, तर ताप आल्यावर धक्का बसत नाही.

'गेले होते, पण पुढच्या आठवड्यात या म्हणाल्या.' हाही अडथळाच, पण आईच्या मनातला नाही. गोवर-रुबेला लसीच्या एका कुपीत अनेक डोस असतात आणि द्रव मिसळल्यावर ती चार तासांत वापरावी लागते. एकाच मुलासाठी कुपी फोडायला कर्मचारी कचरतात. इथे पोस्टर आईसाठी करून उपयोग नाही, बोलायचं केंद्राशी आहे.

'कार्ड गावाला राहिलं.' हा सहावा प्रश्न, 'मला जमेल का' याचा. कार्ड नाही म्हणून डोस नाकारायचा नसतो, हे एक वाक्य इथे पुरेसं आहे.

तिसरी पायरी: सहा नव्हे, दोनच घटक निवडा

समजा दहापैकी सहा घरांतून ताप आणि बुडालेली मजुरी हेच कारण आलं, तिघांना एक डोस पुरेसा वाटत होता आणि एका आईला केंद्रातून परत पाठवलं होतं. मग मोहिमेचं वजन अडथळ्यावर टाका, त्याला धोक्याच्या जाणिवेची जोड द्या. परत पाठवण्याचा मुद्दा केंद्रात मांडा. बाकीचं सोडून द्या.

याला अभ्यासाचाही आधार आहे. नॅन्सी जॅन्झ आणि मार्शल बेकर यांनी १९८४ मध्ये या मॉडेलवरचे ४६ अभ्यास एकत्र तपासले. लोकांच्या वागण्याशी सर्वांत जास्त संबंध अडथळ्यांचा दिसला, सर्वांत कमी आजाराच्या गांभीर्याचा. आपल्या पोस्टरवर मात्र सगळ्यात मोठी जागा गांभीर्यालाच मिळते: पुरळ उठलेलं, तापाने फणफणलेलं बाळ.

अशी चित्रं उलटूही शकतात. २०१४ मध्ये ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १,७५९ पालकांवर एमएमआर लसीचे वेगवेगळे मेसेज तपासले. त्यातल्या एकाही मेसेजने लस देण्याचा इरादा वाढला नाही. आजारी मुलांचे फोटो पाहिलेल्यांमध्ये तर लसीने ऑटिझम होतो हा चुकीचा समज जास्त दिसला.

मेसेज कसा असेल?

आपल्या दहा घरांसाठी तो असा होऊ शकतो: 'बाळ दीड वर्षाचं झालं? गोवराचा दुसरा डोस राहिलाय. पहिल्या डोसनंतरही काही मुलांना गोवर होतो, म्हणून दुसरा लागतो. ताप येऊ शकतो, एक-दोन दिवसांत उतरतो. दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असा वार निवडा. कार्ड नसलं तरी या.'

खाली केंद्राचं नाव, वार आणि वेळ. भाषा वस्तीची, म्हणजे गोवंडीत हिंदी किंवा उर्दूही. सांगणारी व्यक्ती ओळखीची, तिथली आरोग्य सेविका. व्हॉइस नोट सत्राच्या आदल्या संध्याकाळी. हीच पाचव्या प्रश्नातली आठवण. महिनाभर आधी लावलेलं बॅनर ते काम करत नाही.

मसुदा झाल्यावर चार-पाच आयांना ऐकवा आणि 'आता तुम्ही काय कराल?' असं विचारा. 'लस चांगली असते' असं उत्तर आलं तर मेसेज पोहोचलेला नाही. 'शनिवारी जाईन' असं आलं तर पोहोचला.

मॉडेल कुठे थांबतं?

हे मॉडेल मनातल्या समजांबद्दल बोलतं. केंद्राची वेळ, रांग, मजुरी यांची नोंद ते घेतं, पण त्या बदलू शकत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ गावांत केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत काहीच केलं नाही, तिथे ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं. ठरल्या दिवशी नक्की होणारी शिबिरं घेतली तिथे १८ टक्के. शिबिरासोबत दर वेळी एक किलो डाळ आणि सगळे डोस झाल्यावर ताटांचा संच दिला तिथे ३९ टक्के. शिबिर नेमाने भरणं आणि एक किलो डाळ, एवढ्यानेच हा फरक पडला.

म्हणून प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये दोन याद्या द्या: मेसेजने सुटणारे अडथळे आणि केंद्राने सोडवायचे अडथळे. दुसरी यादी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना नेऊन द्या.

यश कसं मोजायचं?

लाईक्स आणि व्ह्यूज बाजूला ठेवा. मोहिमेआधी आणि नंतर 'एक डोस पुरतो का?', 'ताप आला तर काय कराल?' असे तीन-चार प्रश्न त्याच पालकांना विचारा. त्यातून समज बदलला का ते कळेल. मग सहा-आठ आठवड्यांनी तीच कार्डं पुन्हा बघा. दहापैकी किती मुलांच्या दुसऱ्या डोसच्या रकान्यात तारीख पडली? दहा घरांचा आकडा छोटा आहे, त्यावरून 'मोहिमेमुळेच झालं' असा दावा करता येत नाही. जमलं तर मेसेज न गेलेल्या शेजारच्या गल्लीतली कार्डंही बघा. समज बदलले पण तारखा पडल्या नाहीत, तर अडचण बहुधा दुसऱ्या यादीत आहे.