चार हातांचा अहवाल, एक आवाज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या विज्ञान महाविद्यालयांत गटाने केलेल्या प्रॅक्टिकलचा अहवाल बहुतेक वेळा लोकलमध्ये वाटला जातो. प्रयोग सगळे मिळून करतात, पण घरी जाताना ठरतं : प्रस्तावना तू, कृती मी, निरीक्षणं ती, निष्कर्ष तो. सबमिशनच्या आदल्या रात्री चार भाग एका फाईलमध्ये येतात आणि वाचणाऱ्याला प्रत्येक सांधा दिसतो.

हे सांधे कसे बुजवायचे, हे एका नेहमीच्या प्रयोगावरून पाहू. समजा, एका गटाने ठाण्याच्या मासुंदा तलावातल्या, म्हणजे तलावपाळीच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजला. पद्धत विंकलरची, १८८८ पासून चालत आलेली. पाण्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घातलं की ऑक्सिजन तपकिरी साक्यात अडकतो. मग आम्ल घालून सुटलेलं आयोडीन सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करतात, आणि स्टार्चचा निळा रंग गेला की ब्युरेटचं रीडिंग घेतात.

गैरसमज १ : फॉन्ट, समास आणि मथळे सारखे केले की अहवाल एकसारखा होतो.

वस्तुस्थिती : सांधा अक्षरांच्या आकारात नसतो, क्रियापदात असतो. कृतीचा भाग लिहिणारा बहुधा प्रॅक्टिकलच्या पुस्तकातून उतरवतो : ‘बाटली काठोकाठ भरावी, बुडबुडा राहू देऊ नये.’ निरीक्षणं लिहिणारी सांगते : ‘आम्ही बाटली भरली.’ निष्कर्षवाला लिहितो : ‘नमुना घेण्यात येतो.’ एकच काम एकीकडे सूचना झालं, दुसरीकडे घटना, तिसरीकडे रिवाज. अहवाल इंग्रजीत असला तरी हीच गल्लत होते.

हा फरक केवळ कानाला खटकणारा नाही. ‘भरावी’ म्हटल्यावर बाटली खरंच तशी भरली होती का, हे वाचणाऱ्याला कळत नाही. बुडबुडा राहिला तर हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळून आकडा फुगतो, म्हणून ते कळणं गरजेचं असतं. नियम सोपा आहे : जे केलं ते भूतकाळात, जे नेहमीच खरं असतं ते वर्तमानकाळात. ‘तळ्याकाठीच दोन्ही रसायनं घातली’ हा भूतकाळ. ‘पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो’ हा वर्तमानकाळ. ‘आम्ही’ लिहायचं की कर्ता गाळायचा, हे महाविद्यालयाच्या रिवाजाप्रमाणे ठरवा, पण लिहायला बसण्याआधी ठरवा.

गैरसमज २ : शेवटी ज्याची भाषा चांगली आहे त्याने एक हात फिरवला की काम झालं.

वस्तुस्थिती : भाषेवर आधी हात फिरवला तर चूक झाकली जाते. समजा, पुस्तकात टायट्रेशनसाठी २०० मिलिलिटर द्रावण घ्यायला सांगितलं आहे. गटाने प्रत्यक्षात १०० मिलिलिटर घेतलं आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट २.६ मिलिलिटर लागलं. कृती लिहिणाऱ्याने मात्र पुस्तकातले २०० तसेच उतरवले आणि गणित करणाऱ्याने तो आकडा कृतीतूनच उचलला. मग गणित असं झालं :

२.६ × ०.०२५ × ८ × १००० ÷ २०० = २.६

म्हणजे लिटरला २.६ मिलिग्रॅम. खरं गणित असं :

२.६ × ०.०२५ × ८ × १००० ÷ १०० = ५.२

हा दुपटीचा फरक निष्कर्षच उलटा करतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत उघड्यावर आंघोळीसाठीच्या पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन लागतो. इतर निकष वेगळे तपासावे लागतात, पण या एका निकषावर ५.२ चं पाणी बसतं आणि २.६ चं बसत नाही. वाक्यं कितीही सफाईदार केली तरी ही चूक सापडणार नाही, उलट अहवाल सफाईदार दिसतो म्हणून कुणी शंकाही घेणार नाही.

म्हणून जोडणीचा क्रम उलटा हवा. आधी कच्ची वही समोर ठेवून निरीक्षणांचा तक्ता पक्का करा. मग कृतीतली प्रत्येक मोजणी त्या वहीशी ताडून पाहा, पुस्तकाशी नव्हे. त्यानंतर गणित, मग निष्कर्ष, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. वाक्यांना हात लावायचा तो यानंतर.

गैरसमज ३ : तोच शब्द पुन्हापुन्हा आला तर लेखन कंटाळवाणं होतं.

वस्तुस्थिती : प्रयोगाच्या अहवालात शब्द बदलला की वाचणाऱ्याला वस्तू बदलली असं वाटतं. एकाने ‘विरघळलेला ऑक्सिजन’ लिहिलं, दुसऱ्याने ‘डीओ’, तिसरीने ‘ऑक्सिजनची पातळी’, आणि चौथ्याने घाईत ‘बीओडी’. पहिले तीन एकच आहेत, पण चौथी राशी निराळी आहे. पाण्यातले जीवाणू सेंद्रिय घाण कुजवताना किती ऑक्सिजन वापरतात ते बीओडी सांगतो, आणि त्यासाठी नमुना काही दिवस ठेवून पुन्हा मोजावा लागतो. हा गट तसं काही करत नव्हता.

नमुन्यांच्या नावांचंही तेच. तक्त्यात ‘अ, ब, क’ आणि निष्कर्षात ‘घाटाजवळचा, मधला, कडेचा’ असेल तर कोणता आकडा कुठला, हे कळत नाही. एककांचं बघा : एकाने ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’ लिहिलं, दुसऱ्याने ‘पीपीएम’. गोड्या पाण्यात दोन्हींचा आकडा जवळजवळ सारखाच येतो, तरी अहवालात एकच ठेवा. दशांशही जुळवा. ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या रेघा असताना उत्तर ‘५.१९८७’ लिहिणं म्हणजे उपकरणाने न दिलेली अचूकता मिरवणं. तिथे ५.२ पुरे.

यासाठी अर्ध्या पानाची यादी पुरते. राशींची नावं, नमुन्यांची नावं, एककं, दशांशस्थळं, काळ आणि कर्ता एवढं त्यात लिहा. ही यादी भाग वाटून घेतानाच गटात फिरवली, तर शेवटच्या रात्रीचं निम्मं काम उरतच नाही.

गैरसमज ४ : एक आवाज म्हणजे सगळ्यांमधले फरक पुसून टाकणं.

वस्तुस्थिती : भाषेतले फरक पुसायचे, मोजमापातले जपायचे. एकाच नमुन्यावर एकीचं रीडिंग २.६ आणि दुसऱ्याचं २.७ आलं असेल, तर दोन्ही तक्त्यात राहायला हवीत. जोडणाऱ्याने ‘सारखं दिसावं’ म्हणून एक बदललं, तर ते संपादन राहत नाही, तो आकडा बनवणं होतं. फरक मोठा असेल तर तो का आला, हे चर्चेच्या भागात लिहा : स्टार्च लवकर घातलं, रंग परत आला, दुसरी बाटली उशिरा उघडली.

जोडणारा एकच असावा, पण त्याचे अधिकार ठरलेले असावेत. वाक्याचा काळ, शब्द आणि क्रम तो बदलू शकतो. आकडा किंवा अर्थ बदलायचा असेल, तर ज्याने तो भाग लिहिला त्याला विचारूनच. तोंडी परीक्षेत परीक्षक कुणालाही कुठल्याही भागावर प्रश्न विचारू शकतात. त्यामुळे जोडलेला मजकूर चौघांनी वाचलेला असलाच पाहिजे. कुणी काय केलं याची नोंद शेवटी एका ओळीत द्या, म्हणजे एकाने लिहून काढल्याने कुणाचं श्रेय जात नाही.

जोडणी नीट झाली का, हे असं तपासा. निष्कर्षातला एकेक आकडा घ्या आणि गणित, तक्ता, कच्ची वही अशा क्रमाने मागे जा. ज्याने निष्कर्ष लिहिलेला नाही त्यानेच हे करावं. आपण लिहिलेल्यात २०० च्या जागी १०० हवे होते, हे आपल्याला सहसा दिसत नाही, पण त्या दिवशी पिपेट हातात धरलेल्या मैत्रिणीला ते लगेच दिसतं.